गुंडाळी बरोबर असूनही गँग फिरवल्यावर स्टेशने वेगळी का होत नाहीत?

प्रश्न: "क्रिस्टल रेडिओसाठी ६ सेंटीमीटर व्यासाच्या पुठ्ठ्याच्या नळीवर एनॅमल तारेचे ६५ वेढे घेतले आणि त्याला ३६५ पिकोफॅरडचा गँग कंडेन्सर लावला. एरियल, डायोड आणि इअरफोन हे सगळे कॉइलच्या वरच्या टोकाला जोडले आहेत. सूत्राप्रमाणे मध्यम लहरींचा पूर्ण पट्टा यायला हवा होता. पण दोन स्टेशने एकमेकांत मिसळून ऐकू येतात आणि एक स्टेशन तर गँग कुठेही नेला तरी जातच नाही. एरियल सुमारे २० मीटर तारेचे आहे. कॉइल चुकली, की अनुनाद मलाच कळलेला नाही?"

उत्तर: कॉइल चुकलेली नाही. सूत्रात तुम्ही कॉइल आणि गँग एवढेच धरले, पण तुमच्या जोडणीत एरियल, डायोड आणि इअरफोन हेही त्याच अनुनादी मंडलाचे भाग झाले आहेत. एरियलने वारंवारतेचा पट्टा खाली ओढला आणि इअरफोनने मंडलाची धार बोथट केली. हे दोन वेगळे दोष आहेत, दोघांची कारणे वेगळी आहेत आणि दोन्ही त्याच कॉइलच्या मधल्या वेढ्यांवरून जोडणीचे फाटे काढून दुरुस्त होतात. आकडे घालून पाहिले की हे स्पष्ट होते, म्हणून आधी कॉइलपासून सुरुवात करतो.

एकपदरी गुंडाळीचे इंडक्टन्स काढण्यासाठी हॅरल्ड व्हीलर यांनी १९२८ मध्ये दिलेले सूत्र घरगुती कामाला पुरेसे अचूक आहे. त्रिज्या r आणि गुंडाळीची लांबी l सेंटीमीटरमध्ये व N म्हणजे वेढ्यांची संख्या घेतली, तर L मायक्रोहेन्रीमध्ये मिळते.

```
L = 0.394 × r² × N² / (9r + 10l)
```

अर्धा मिलिमीटर जाडीची तार एनॅमलसह साधारण ०.५५ मिलिमीटर जागा घेते. म्हणजे चिकटून घेतलेल्या ६५ वेढ्यांची लांबी ३.६ सेंटीमीटर होते. त्रिज्या ३ सेंटीमीटर धरल्यास इंडक्टन्स २४० मायक्रोहेन्रीच्या आसपास येते आणि मध्यम लहरींसाठी ते योग्यच आहे. आता अनुनादाचे नेहमीचे सूत्र मायक्रोहेन्री आणि पिकोफॅरड या सोयीच्या एककांत लिहिले, की वारंवारता किलोहर्ट्झमध्ये अशी मिळते:

```
f = 159155 / √(L × C)
```

गँग पूर्ण बंद असताना त्याची धारिता C ३६५ पिकोफॅरड धरली, तर उत्तर सुमारे ५३८ किलोहर्ट्झ येते. गँग पूर्ण उघडल्यावर त्याची धारिता शून्य होत नाही, साधारण १५ पिकोफॅरड उरते. तेवढीच धरली तर वरचे टोक २६५० किलोहर्ट्झपर्यंत जाते. मध्यम लहरींचा पट्टा साधारण ५३० ते १६०० किलोहर्ट्झ असल्याने कागदावर सगळे ठीक दिसते आणि बहुतेक जण इथेच थांबतात.

प्रत्यक्षात C म्हणजे कॉइलच्या दोन टोकांदरम्यान दिसणारी एकूण धारिता. कॉइलच्या शेजारशेजारच्या वेढ्यांमध्ये आणि जोडतारांमध्ये मिळून २० पिकोफॅरड सहज भरतात. ते मिळवले तर पट्टा ५२४ ते १७३७ किलोहर्ट्झ होतो, तरीही तो पुरतो. खरा घोटाळा एरियलचा आहे. मध्यम लहरींची लांबी शेकडो मीटर असते, तिच्यापुढे २० मीटरची तार फारच आखूड ठरते. अशी तार आणि जमीन मिळून विद्युतदृष्ट्या मुख्यतः एक कपॅसिटरच असतात आणि त्यांची धारिता साधारण १५० पिकोफॅरड धरता येते. एरियल कॉइलच्या वरच्या टोकाला आणि अर्थ, म्हणजे जमिनीची तार, खालच्या टोकाला जोडली, की हे १५० पिकोफॅरड थेट गँगच्या समांतर येऊन बसतात. आता एकूण धारिता किमान १८५ आणि कमाल ५३५ होते आणि पट्टा उरतो तो फक्त ४४४ ते ७५५ किलोहर्ट्झ. गँग जवळजवळ बंद असतानाचा भाग मध्यम लहरींच्या खाली वाया जातो आणि पूर्ण उघडला तरी ७५५ च्या वर अनुनाद होऊच शकत नाही.

कुठेही न जाणारे तुमचे ते स्टेशन बहुधा याच वरच्या, हाती न लागणाऱ्या भागातले आणि जवळचे जोरदार असावे. स्वतःच्या अनुनादाच्या वरच्या वारंवारतांना हे मंडल नुसत्या कपॅसिटरसारखे वागते. एरियलची धारिता आणि मंडलाची धारिता मिळून त्या स्टेशनचा एक साधा विभाजक होतो आणि त्यातला वाटा डायोडला मिळत राहतो. गँग फिरवल्यावर आवाज थोडा कमीजास्त होतो, पण शिखर कुठेच येत नाही. स्टेशन ट्यून होणे आणि स्टेशन नुसते घुसणे यांतला फरक असाच ओळखावा: ट्यून झालेल्या स्टेशनचा आवाज गँगच्या दोन्ही बाजूंना पडतो, घुसलेल्याचा पडत नाही.

आता दुसरा दोष. समजा मंडल १००० किलोहर्ट्झवर अनुनादात आहे. तिथे २४० मायक्रोहेन्रीच्या कॉइलचा प्रतिरोध, म्हणजे रिअ‍ॅक्टन्स, सुमारे १५०८ ओहम असतो आणि १०५.५ पिकोफॅरडच्या धारितेचाही तेवढाच. दोघांतून वाहणारे प्रवाह समान आणि एकमेकांच्या विरुद्ध असतात. ऊर्जा कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रातून कपॅसिटरच्या विद्युत क्षेत्रात आणि परत अशी आत फिरत राहते. बाहेरून, म्हणजे एरियलकडून, फक्त फिरताना वाया जाणारी ऊर्जा भरून काढावी लागते. आत फिरणारा प्रवाह या भरपाईच्या प्रवाहाच्या जितका पट, तितका मंडलाचा क्यू. एनॅमल तारेच्या नीट गुंडाळलेल्या कॉइलचा क्यू १५० धरणे वाजवी आहे आणि अनुनादाची रुंदी म्हणजे वारंवारता भागिले क्यू. त्यामुळे एकट्या मंडलाची रुंदी १००० किलोहर्ट्झवर जेमतेम ७ किलोहर्ट्झ असते.

इथे एक गोष्ट मल्टिमीटरवर पडताळून पाहण्यासारखी आहे. तुमच्या कॉइलमध्ये सव्वाबारा मीटर तार आहे आणि तिचा रोध मीटरवर सुमारे १ ओहम दिसेल. तेवढाच खरा मानला तर क्यू १४०० यायला हवा, तो कधीच येत नाही. १००० किलोहर्ट्झला प्रवाह तांब्याच्या पृष्ठभागाच्या सुमारे ०.०७ मिलिमीटर जाडीच्या थरातूनच वाहतो आणि शेजारच्या वेढ्यांच्या चुंबकीय क्षेत्रामुळे त्या थरातही एका बाजूला ढकलला जातो. परिणामी प्रत्यक्ष रोध दहापट, म्हणजे १० ओहमच्या घरात जातो. वेढ्यांमध्ये तारेच्या जाडीइतके अंतर सोडले तर दुसरा परिणाम कमी होतो, मात्र गुंडाळी लांबते आणि त्याच इंडक्टन्ससाठी वेढे वाढवावे लागतात. पहिल्या रेडिओसाठी मी या वाटेला जाणार नाही, कारण तुमचा क्यू सध्या कॉइलमुळे बिघडलेलाच नाही.

तो बिघडला आहे डायोड आणि इअरफोनमुळे. क्यू १५० असलेले हे मंडल अनुनादाला बाहेरून सुमारे २२६ किलोओहमच्या रोधासारखे दिसते. त्याच्या डोक्यावर तुम्ही जर्मेनियम डायोड आणि त्यामागे इअरफोन जोडलात. या जोडीचा भार अंदाजे २० किलोओहम धरू. दोन्ही समांतर आले की उरतात १८.४ किलोओहम आणि क्यू १५० वरून थेट १२ वर येतो. रुंदी होते ८२ किलोहर्ट्झ. ६० किलोहर्ट्झ अंतरावरची दोन स्टेशने अशा मंडलात एकत्र ऐकू आली नसती तरच नवल. शिवाय एरियलच्या मार्गात जमिनीचाही रोध असतो. तो ५० ओहम धरला, तर एरियलच्या धारितेबरोबर तो मंडलावर आणखी सुमारे २२ किलोओहमचा भार टाकतो. म्हणजे एरियल दोन्ही बाजूंनी नुकसान करते, वारंवारताही सरकवते आणि धारही घालवते.

उपाय असा की एरियल आणि डायोड दोघांनाही कॉइलच्या टोकावरून काढून मधल्या फाट्यांवर आणायचे. अर्थच्या टोकापासून मोजत १३ व्या, २२ व्या आणि ३२ व्या वेढ्यावर फाटा काढा. फाट्यावर बाहेरून जे जोडाल, ते संपूर्ण कॉइलच्या दृष्टीने वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने सौम्य होते. १३ वा वेढा म्हणजे ६५ चा पाचवा भाग. तिथे जोडलेल्या एरियलचे १५० पिकोफॅरड कॉइलच्या टोकांना पंचविसाव्या भागाइतके, म्हणजे ६ पिकोफॅरड वाटतात आणि तिचा २२ किलोओहमचा भार पंचवीसपट होऊन साडेपाचशे किलोओहमच्या पुढे जातो. एकूण धारिता आता ४१ ते ३९१ पिकोफॅरड झाली आणि पट्टा ५२० ते १६०४ किलोहर्ट्झ. कॉइलला हातही न लावता मध्यम लहरींचा पूर्ण पट्टा परत मिळाला.

डायोड २२ व्या वेढ्यावर, म्हणजे साधारण एकतृतीयांशावर घ्या. २० किलोओहमचा भार आता नऊपट होऊन १८० किलोओहम वाटेल. कॉइलचे स्वतःचे २२६, एरियलचा सौम्य झालेला भार आणि हे १८० मिळून सुमारे ८५ किलोओहम उरतात. क्यू ५६ होतो आणि रुंदी १८ किलोहर्ट्झ. हवेतल्या कॉइलमध्ये सगळे वेढे एकमेकांशी पूर्णपणे जोडलेले नसतात, म्हणून हा वर्गाचा नियम अंदाजे आहे, पण दिशा आणि प्रमाण यांसाठी तो पुरतो.

फाट्यावर व्होल्टेज एकतृतीयांशच मिळणार, तर आवाज कमी होईल, अशी शंका इथे हमखास येते. तसे होत नाही. २० किलोओहम थेट टोकाला लावले तेव्हा त्या भाराने मंडलाचे व्होल्टेज आधीच खाली आणले होते. एरियल १३ व्याच वेढ्यावर ठेवून डायोड फक्त टोकावरून २२ व्या वेढ्यावर आणला, तर वरच्या आकड्यांप्रमाणे भाराला मिळणारी शक्ती दुपटीहून जास्त होते, कारण आता भार आणि मंडलाचे अंगचे रोध जवळपास समान आहेत. १३ व्या वेढ्यावर डायोड नेला तर आवाज घटायला लागेल आणि धार मात्र वाढत जाईल. ३२ वा फाटा मी उलट्या प्रयोगासाठी ठेवायला सांगितला आहे. तिथे डायोड लावून त्याच स्टेशनवर कान दिल्यास ते डायलवर अधिक पसरलेले जाणवते.

फाटा काढताना ठरलेल्या वेढ्याला तारेचा दोन सेंटीमीटरचा फास काढा, त्याला दोन-तीन पीळ द्या आणि पुढचा वेढा घ्या. एनॅमल फक्त फासाच्या टोकावरच बारीक पॉलिश पेपरने घासा. घासताना शेजारच्या वेढ्याचे एनॅमल निघून दोन वेढे एकमेकांना चिकटले, तर तो एकच बंद वेढा ट्रान्सफॉर्मरच्या शॉर्ट झालेल्या गुंडाळीसारखा वागतो. कॉइलचे इंडक्टन्स घटते, क्यू कोसळतो आणि सगळी स्टेशने गँग अधिक बंद केल्यावर व पसरट येऊ लागतात. मल्टिमीटरवर हे कळत नाही, कारण ६५ तला एक वेढा गेल्याने १ ओहममध्ये पडणारा फरक मीटरला दिसत नाही. अशा वेळी प्रत्येक फाट्याच्या बुडाशी भिंगाने पाहावे. पुठ्ठ्याची नळी गुंडाळण्यापूर्वी वॉर्निश लावून पूर्ण वाळवलेली असावी, कारण दमट पुठ्ठाही क्यू खातो.

अनुनाद समजून घेणे हाच हेतू असेल, तर कानावर विसंबू नका, कारण कानाला दुप्पट शक्ती दुप्पट वाटत नाही. तुमचा इअरफोन क्रिस्टलचा असेल तर त्याच्या समांतर ४७ किलोओहमचा रोध असायलाच हवा. तो नसेल तर डायोडमधून आलेल्या प्रवाहाला परत जायला वाट मिळत नाही आणि आवाज थोड्याच वेळात चिरका होऊन मंदावतो. याच रोधाच्या दोन टोकांना डिजिटल मल्टिमीटर डीसी २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर लावा. गँगच्या दांड्यावर काटा बसवा आणि मागे कोनमापक चिकटवा. एखादे स्थिर स्टेशन घेऊन आकडा सर्वांत जास्त कुठे येतो ते पाहा आणि मग तो दोन्ही बाजूंना निम्मा कुठे होतो त्या अंशांची नोंद करा. आकडा काही मिलिव्होल्टच असेल, तर डायोड क्षीण संकेतावर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात प्रवाह देतो, म्हणून निम्मा आकडा म्हणजे निम्मी शक्ती आणि त्या दोन बिंदूंमधले अंतर हीच अनुनादाची रुंदी. शेकडो मिलिव्होल्ट येत असतील तर हा हिशेब लागू होत नाही, तेव्हा शिखराच्या सात-दशांशावरचे बिंदू घ्यावेत.

गँगच्या पात्या अर्धवर्तुळाकार असतील, तर १८० अंशांत ३५० पिकोफॅरड, म्हणजे अंशाला सुमारे दोन पिकोफॅरड बदलतात. १००० किलोहर्ट्झच्या आसपास डायोड टोकावर असताना ८२ किलोहर्ट्झची रुंदी म्हणजे १७ पिकोफॅरड, अर्थात डायलवर सुमारे ९ अंश. डायोड २२ व्या वेढ्यावर नेल्यावर तीच रुंदी २ अंशांवर यायला हवी. हे दोन आकडे स्वतःच्या हाताने मोजले की क्यू ही कल्पना पुस्तकातली राहत नाही. मोजताना एरियल दोन्ही वेळा १३ व्या वेढ्यावरच ठेवा, नाहीतर कोणता बदल कशामुळे झाला ते कळणार नाही.

याच मोजणीत आणखी एक गोष्ट लक्षात येईल. ९ किलोहर्ट्झ अंतरावरच्या दोन स्टेशनांमध्ये ६०० किलोहर्ट्झला जवळपास ९ पिकोफॅरडचा, म्हणजे साडेचार अंशांचा फरक असतो, तर १५०० किलोहर्ट्झला तोच फरक अर्ध्या पिकोफॅरडच्या थोडा वर, जेमतेम पाव-एक अंशाचा उरतो. वरच्या टोकाला स्टेशने दाटीवाटीने येतात ती यामुळे. जुन्या रेडिओंच्या गँगच्या पात्या अर्धवर्तुळ न ठेवता तिरक्या कापलेल्या दिसतात, त्याही याचसाठी. शिवाय हात जवळ आणल्याने दोन-तीन पिकोफॅरड सहज वाढतात आणि वरच्या टोकाला तेवढ्याने ट्यूनिंग चार-पाच स्टेशनांइतके सरकते. म्हणून गँगची फिरती बाजू, म्हणजे दांडा आणि सांगाडा, नेहमी अर्थच्या टोकाला जोडावी आणि स्थिर पात्या कॉइलच्या वरच्या टोकाला. हात बाजूला घेताच स्टेशन निसटत असेल, तर सर्वांत आधी ही जोडणी उलट झाली आहे का ते पाहावे.

डायोडबद्दल थोडक्यात: जर्मेनियमचा कोणताही जुना डिटेक्टर डायोड चालेल. साधा सिलिकॉन डायोड इतक्या क्षीण संकेताला जवळपास वाहतच नाही, म्हणून तो इथे मुका राहतो. मोबाइलचे ३२ ओहमचे इअरफोन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावू नयेत, कारण त्यांचा भार वरच्या सगळ्या हिशेबाला निकालात काढतो. घरातील विजेच्या वायरिंगचा एरियल किंवा अर्थ म्हणून कधीही उपयोग करू नका आणि आभाळात गडगडाट असताना बाहेरची तार जोडलेली ठेवू नका.

एवढे केल्यावरही जवळच्या जोरदार स्टेशनने त्रास दिला, तर तो एकाच अनुनादी मंडलाच्या आकाराचा दोष असतो. क्यू ५६ असलेले मंडल १००० किलोहर्ट्झला लावले असता ९० किलोहर्ट्झ दूरच्या स्टेशनचे व्होल्टेज फक्त दहाव्या भागावर येते. ते स्टेशन तुमच्याकडे मुळातच दहापट बळकट पोचत असेल, तर दोन्ही सारखीच ऐकू येणार आणि फाटे हलवून त्यात फारसा फरक पडणार नाही. तिथे दुसरे मंडल लागते. अशीच दुसरी कॉइल आणि गँग समांतर जोडून ती जोडी एरियलच्या तारेत, १३ व्या फाट्याच्या अलीकडे, घाला आणि तिचा गँग त्रास देणाऱ्या स्टेशनवर लावा. त्या वारंवारतेला ही जोडी मोठा रोध दाखवते आणि नेमके तेच स्टेशन अडवते. दोन्ही कॉइल एकमेकींपासून किमान ३० सेंटीमीटर दूर आणि त्यांचे अक्ष काटकोनात ठेवा, नाहीतर चुंबकीय क्षेत्रातून अडवलेले स्टेशन परत आत येईल. आधी दुसऱ्या गँगने त्या स्टेशनचा आवाज जास्तीत जास्त पाडा आणि मगच पहिल्या गँगने हवे ते स्टेशन शोधा. दुसऱ्या जोडीमुळे पहिल्याचे ट्यूनिंग थोडे सरकते, त्यामुळे दोन्ही गँग एकदा-दोनदा आलटून पालटून जुळवावे लागतात.